पिवळ्या शाईतून सुटलेला बाण

आमच्या धंद्यात फ्लोचार्ट तपासायची एक पद्धत होती. ती मीच सुरू केली होती, म्हणून तिच्याबद्दल बोलायचा पहिला हक्क माझा.

सुरतेत कपडा रंगवणाऱ्या मिलना आम्ही कंट्रोल पॅनेल बनवून देतो. पॅनेलच्या आत एक छोटा संगणक असतो, त्याला पीएलसी म्हणतात. पाणी कधी भरायचं, वाफ कधी सोडायची, रंग कधी टाकायचा, झाकण कधी उघडू द्यायचं, हे सगळं त्याच्यात घातलेला प्रोग्राम ठरवतो. मशीन बनवणारा आम्हाला एक फ्लोचार्ट देतो, म्हणजे मशीनने कसं वागायचं त्याचा नकाशा. त्याच्यावरून मी प्रोग्राम लिहितो. लिहून झाला की फ्लोचार्टची छापील प्रत टेबलावर पसरायची, पिवळा हायलायटर घ्यायचा आणि एकेक चौकोन वाचायचा. त्या चौकोनाचं काम प्रोग्राममध्ये सापडलं की तो पिवळा करायचा. सगळा कागद पिवळा झाला की खाली सही. 'प्रोग्राम फ्लोचार्टप्रमाणे आहे.' अशा बावीस वर्षांच्या सह्या माझ्या नावावर आहेत.

आम्ही चौकोन रंगवायचो. बाण कोणीच रंगवत नव्हतं.

बाण म्हणजे काय, नुसती रेघ. दोन चौकोन बरोबर असले की मधली रेघ बरोबरच असणार, असं मी धरून चाललो होतो. दुसऱ्या कोणाला मी या चुकीचा वाटा देणार नाही. लिहिणारा मी, तपासणारा मी, सही करणारा मी. ज्याने लिहिलं त्यानेच तपासायचं, ही आमच्याकडची रीत. माणसं कमी, मिलवाल्यांची घाई, आणि माझा स्वतःवरचा विश्वास जरा जास्तच.

सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका मिलमध्ये जेट मशीनवर काम करणाऱ्या माणसाचे दोन्ही हात भाजले, तेव्हा मला ही रेघ दिसली.

जेट मशीन म्हणजे आडवं पडलेलं मोठं बंद भांडं. त्यात पॉलिएस्टरचं कापड दोरासारखं गोल गोल फिरतं आणि रंगीत पाणी एकशे तीस डिग्रीपर्यंत तापवतात. पाणी शंभराच्या वर गेलं की आत दाब तयार होतो. काम झालं की आधी थंड करायचं, मग दाब सोडायचा, मग झाकण उघडायचं. दाबासाठी झाकणाला स्वतःचं वेगळं लोखंडी कुलूप असतं, दाब असेल तर ते हलत नाही. पण पाणी नव्वद डिग्रीचं असेल तर दाब नसतो आणि तरीही माणूस भाजतो. त्या नव्वद डिग्रीच्या पाण्यापासून वाचवायला त्या मशीनवर दुसरं काही नव्हतं. फक्त माझा प्रोग्राम होता. ऐंशीच्या खाली आल्याशिवाय झाकणाचा खटका सुटायचा नाही आणि हिरवी बत्ती लागायची नाही.

तो ऑपरेटर आमच्याकडचा, खानदेशातला. माझे वडील धुळ्याजवळच्या खेड्यातून सुरतेला लूमवर कामाला आले, त्याचे वडीलही तसेच. आम्ही एका वयाचे. मशीन बसवायला गेलो होतो तेव्हा त्याला हिरव्या बत्तीचा अर्थ मीच समजावला होता. 'भाऊ, हिरवी लागली की बिनधास्त उघडायचं. आकडे बघत बसायची गरज नाही.' हे माझे शब्द आहेत. मला ते तंतोतंत आठवतात, कारण त्या दिवशी मला स्वतःच्या कामाचा फार अभिमान वाटला होता.

दुपारच्या पाळीत हे घडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या कंपनीच्या मालकांनी, शेठनी, मला केबिनमध्ये बोलावलं. शेठ माझ्याशी गुजराती आणि हिंदी मिसळून बोलतात. मी इथे मराठीत लिहितो.

'बसा भाई. सचिनवाल्यांचा फोन होता. त्यांच्या ऑपरेटरने खटक्याला तार लावून परस्पर वीज दिली आणि झाकण उघडलं. पॅनेलमध्ये तारेचा तुकडाही सापडलाय. त्यांना आपल्याकडून एक चिठ्ठी पाहिजे, प्रोग्राम फ्लोचार्टप्रमाणे आहे म्हणून. चौकशीत लावायला.'

'तपासून देतो.'

'तपासलेलं आहे ना. तुमची सहीवाली पिवळी प्रत फाईलमध्ये आहे. मी बघितली. एकदम टकाटक.'

'तरी एकदा बघतो, शेठ.'

'बघा. पण चौकशी शनिवारी आहे. तारखेआधी बघा.'

मिलच्या चौकशीत काय होणार, ते मला ठाऊक होतं. तार लावून सुरक्षा तोडली असं एकदा कागदावर आलं, की तो माणूस कामावरून जातो, आणि सचिनच्या कोणत्याही गेटवर त्याला पुन्हा घेत नाहीत. हात भाजलेला ऑपरेटर म्हणून नाही, तार लावणारा म्हणून. तो डाग माझ्या एका सहीवर टेकलेला होता.

मी आधी मिलमध्ये गेलो. पॅनेलमधली नोंद उतरवून घेतली. आमचं पॅनेल प्रत्येक टप्पा बदलला की वेळ, तापमान आणि कोणत्या भागाला वीज दिली ते लिहून ठेवतं. चार-पाच दिवसांत जुन्यावर नवं चढतं, म्हणून घाई होती. मिलचा मॅनेजर माझ्या मागेच उभा होता. त्याने मला प्लास्टिकच्या पिशवीतला तारेचा तुकडा दाखवला.

'हा बघा. पॅनेलच्या तळाला पडला होता.'

'तळाला पडला होता. लावलेला नव्हता?'

'उघडल्यावर काढून टाकला असेल. ही जात हुशार असते.'

मी त्या शब्दाला तेव्हा काही बोललो नाही. तेही माझ्याच खात्यावर.

नोंद मी तिथेच, पॅनेलसमोरच्या स्टुलावर बसून वाचली. सतराव्या टप्प्यात थंड करणं. मग तापमान अठ्ठ्याहत्तर, आणि प्रोग्राम अठरावर गेला, म्हणजे हवा सोडायचा व्हॉल्व्ह उघडला. तीन मिनिटांनी एकोणीस. एकोणीस म्हणजे हिरवी बत्ती, खटका मोकळा. त्या ओळीपुढे तापमान लिहिलं होतं त्र्याण्णव.

मी ती ओळ चार वेळा वाचली. तार लावून खटका उघडला असता तर खटका सुटला असता, पण प्रोग्रामला ते कळलंच नसतं. तो सतरा किंवा अठरावरच बसून राहिला असता. इथे प्रोग्राम स्वतः एकोणीसवर गेला होता आणि त्यानेच खटक्याला वीज दिली होती. तार कोणाचीही असो, झाकण तारेने उघडलं नव्हतं. माझ्या प्रोग्रामने उघडलं होतं.

पण कसं? ऐंशीच्या खाली आल्याशिवाय नाही, हे तर मी स्वतः लिहिलं होतं. तो चौकोन पिवळा होता.

दोन दिवस मी चुकीच्या जागी शोधलं. आधी वाटलं सेन्सर खोटं सांगतोय. तो काढून उकळत्या पाण्यात बुडवला, बरोबर निघाला. मग वाटलं आकड्याच्या रूपांतरात गडबड आहे, तेही बरोबर. ऐंशीची तुलना बरोबर. दाबाचा स्विच बरोबर. एकेक चौकोन पुन्हा तपासला आणि एकेक चौकोन पुन्हा बरोबर निघाला. बरोबर असलेल्या गोष्टींचा इतका राग मला कधी आला नव्हता.

गुरुवारी मी फ्लोचार्टची कोरी प्रत छापली आणि हायलायटर लांब ठेवून दिला. या वेळी चौकोनांना हात लावायचा नाही असं ठरवलं. प्रत्येक बाणाला क्रमांक दिला. कुठून निघतो, कोणत्या उत्तरावर निघतो, कुठे पोचतो. एकतीस बाण निघाले. मग उलट बाजूने प्रोग्राम उघडला आणि प्रत्येक टप्प्यातून बाहेर पडायच्या सगळ्या वाटा दुसऱ्या कागदावर उतरवल्या. तिथे तीस निघाल्या.

एक बाण कमी होता. तो शोधायला वीस मिनिटं लागली.

फ्लोचार्टमध्ये असं होतं. तापमान ऐंशी किंवा कमी आहे का? नसेल तर थंड करत राहा. असेल तर हवा सोडा. मग दाब शून्य आहे का? असेल तर हिरवी बत्ती. आणि नसेल तर? 'नाही'चा बाण दाबाच्या प्रश्नातून निघून डावीकडे जात होता, कागदाच्या कडेने वर चढत होता आणि तापमानाच्या प्रश्नाच्याही वर जाऊन मिळत होता. म्हणजे दाब उतरेपर्यंत प्रत्येक फेरीला तापमान पुन्हा विचारायचं. मी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये तापमानाचा प्रश्न एकदाच होता. एकदा 'हो' आलं की अठरावा टप्पा पक्का, आणि तिथे फक्त दाबाची वाट बघणं. दाब उतरला की एकोणीस. मधल्या वेळात पाणी पुन्हा तापलं की नाही, हे माझा प्रोग्राम विचारतच नव्हता.

दोन्ही प्रश्न जागेवर होते. दोन्ही पिवळे होते. मधली परत जायची वाट मी बांधलीच नव्हती.

थंड होत असलेलं पाणी परत तापेल कसं, हा प्रश्न मी तेव्हा विचारला असता तर त्याचं उत्तर कोणत्याही ऑपरेटरने दिलं असतं. कापडाच्या दोराला आत गाठ पडते. रोज पडते. गाठ पडली की ऑपरेटर पंप थांबवतो. पंप थांबला की पाणी फिरत नाही, पण थंड पाण्याच्या नळ्या चालूच असतात, आणि सेन्सर त्या नळ्यांच्या तोंडाशीच आहे. तिथलं थांबलेलं पाणी भराभर थंड होतं. सेन्सर अठ्ठ्याहत्तर सांगतो, भांड्यात मात्र नव्वदीच्या पुढचं पाणी असतं. प्रोग्राम अठरावर जातो. ऑपरेटर गाठ सुटली का बघायला पंप पुन्हा चालू करतो, गरम पाणी सेन्सरपाशी येतं, आकडा त्र्याण्णव होतो. तेवढ्यात उरलासुरला दाब उतरतो. हिरवी बत्ती.

आता मला जे लिहायचं आहे ते लिहिण्यासाठीच खरं तर हे सगळं लिहायला घेतलं.

या घटनेच्या आदल्या वर्षी भेस्तानच्या एका मिलमधून मला फोन आला होता. तिथेही आमचंच पॅनेल, तोच प्रोग्राम. ऑपरेटर म्हणाला, 'साहेब, गाठ पडल्यावर नव्वद दिसत असताना हिरवी लागली. मी उघडलं नाही, पण लागली.' मी जेवत होतो. मी म्हणालो, 'सेन्सर ढिला असेल, बदलून घ्या.' त्याने बदलून घेतला असेल. मी बघायला गेलो नाही. तो अर्धा घास तोंडात असताना मला एक क्षण शंका आली होती, आणि ती मी भाकरीबरोबर गिळली, कारण माझ्याकडे पिवळा कागद होता.

बाण सापडला त्या गुरुवारी संध्याकाळी मी भेस्तानला गेलो, पण मिलमध्ये नाही. सचिनचा ऑपरेटर भेस्तानलाच एका खोलीत राहतो. कोपरापर्यंत दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत होते, मांडीवर उशी घेऊन त्याने ते उशीवर ठेवले होते. बायकोने चहा आणला. 'च्या ल्या, भाऊ,' म्हणाली, आणि त्याचा कप स्वतःच्या हातात धरून त्याच्या तोंडाला लावला. मी माझा कप खाली ठेवला.

'मी तार लावेल नही,' तो म्हणाला. त्याने मला बोलायलाही दिलं नाही. 'लोके म्हनतस तार लावीसन उघाडं. बत्ती हिरवी व्हयनी, मंगच मी हात लाया. तुमीच सांगेल व्हतं.'

'मीच सांगेल व्हतं,' मी म्हणालो. घराबाहेर मी अहिराणी बोलणं कधीच सोडलं होतं, पण त्या खोलीत दुसरी भाषा तोंडात येईना. 'बत्ती मनाच प्रोग्रामनी हिरवी करी. चूक मनी शे. आज सापडनी.'

त्याने पट्ट्यांवरची नजर उचलून सरळ विचारलं.

'तुमले आगोदर माहीत व्हतं का?'

नाही म्हणता आलं असतं. आज सापडली, हे खरंच होतं. पण मी त्याला भेस्तानच्या फोनचं सांगितलं. भाकरीसकट सांगितलं.

त्याची बायको म्हणाली, 'मंग आते इठे कशाले येल शेतस? तठे जाईसन सांगा ना.'

तिचं बरोबर होतं. मी माफी मागायला गेलो होतो, आणि माफी मागणं हे मला सोपं जाणारं काम होतं. अवघड काम शनिवारी होतं.

शुक्रवारी शेठना सगळं दाखवलं. दोन कागद, एकतीस आणि तीस. शेठ हुशार माणूस आहे, त्यांना पाच मिनिटांत कळलं. त्यांनी दोन्ही कागद उलटे करून ठेवले.

'किती मशीनवर हा प्रोग्राम आहे?'

'बारा. सचिनचं एक, बाकी अकरा भेस्तानपासून कामरेजपर्यंत.'

'दुरुस्त करायला किती वेळ?'

'लिहायला दहा मिनिटं. तपासायला प्रत्येकी एक दिवस.'

'तर गुपचूप करून टाका. नियमित सुधारणा म्हणून. आणि उद्या चौकशीत फक्त एवढं सांगा की पिवळी प्रत बरोबर आहे. ते खोटं थोडंच आहे? कागद पिवळाच आहे.'

'कागद पिवळा आहे, शेठ. प्रोग्राम चुकलेला आहे.'

'भाई, तो ऑपरेटर आकडा बघू शकला असता. समोर त्र्याण्णव लिहिलेलं होतं.'

'मीच त्याला सांगितलं होतं, आकडा बघू नको.'

'ते कोणी ऐकलं?'

'मी ऐकलं.'

शेठनी चष्मा काढला. 'उद्या तिथे तोंड उघडलं तर सोमवारी इथे यायची गरज नाही. हे प्रेमाने सांगतोय.'

आयुष्यात मी फारसा कोणाला उलटून बोललेलो नाही. त्या दिवशी बोललो. 'सोमवारचं सोमवारी बघू. उद्या मला गाडी पाहिजे, बॉक्स घेऊन जायचाय.'

बॉक्स म्हणजे एक साधं उपकरण. सेन्सर खरं तर तापमान सांगत नाही, विजेला किती विरोध होतो ते सांगतो, आणि पॅनेल त्यावरून आकडा काढतं. सेन्सरच्या जागी हा बॉक्स जोडला की बटण फिरवून पॅनेलला कोणतंही तापमान दाखवता येतं. पाणी थंडच ठेवून सगळी परिस्थिती खोटी तयार करता येते, आणि कोणालाही भाजत नाही. मशीन बसवताना मी याच बॉक्सने चाचणी घेतली होती. तेव्हा मी तापमान खाली आणलं, मग दाब खाली आणला, बत्ती लागली, सही केली. एकदा खाली आणलेलं तापमान मी परत वर नेऊन बघितलंच नव्हतं. जिथे प्रोग्राम आणि फ्लोचार्ट वेगळे वागतील, नेमकी ती परिस्थिती मी टाळली होती. जाणूनबुजून नाही. पण टाळली होती.

चौकशी मिलच्या ऑफिसात होती. मॅनेजर, मिलची दोन माणसं, एका खुर्चीवर ऑपरेटर, मागे त्याची बायको. शेठही आले होते. गाडी दिली नव्हती, मी बॉक्स रिक्षातून नेला.

मॅनेजरने तारेची पिशवी टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. 'चिठ्ठी आणलीत?'

'चिठ्ठी नाही. दहा मिनिटं मशीनपाशी चला.'

'इथे सांगा ना.'

'सांगून तुम्ही मानणार नाही. मीसुद्धा मानलं नव्हतं. एका माणसाने फोनवर सांगितलं होतं, तरी मानलं नव्हतं.'

शेठ खिडकीबाहेर बघत होते.

मशीनमध्ये कापड नव्हतं, नुसतं गार पाणी. मी बॉक्स जोडला. दाबाच्या स्विचची वायर काढून तिथे एक साधा खटका लावला, दाब आहे की नाही ते हाताने दाखवायला. मग फ्लोचार्ट मॅनेजरच्या हातात दिला आणि म्हटलं, तुम्ही कागद वाचा, मी बटण फिरवतो. प्रत्येक पायरीला कागद काय म्हणतो ते आधी मोठ्याने सांगायचं, मग पॅनेलकडे बघायचं.

पंचाण्णव. 'थंड करत राहा,' मॅनेजरने वाचलं. पॅनेल सतरावर.

अठ्ठ्याहत्तर. 'हवा सोडा.' पॅनेल अठरावर. बरोबर.

'आता दाब अजून आहे,' मी म्हणालो. 'कागद काय म्हणतो?'

त्याने बाणावरून बोट फिरवलं. बोट कागदाच्या कडेने वर गेलं. 'पुन्हा तापमान विचारा.'

मी बटण त्र्याण्णववर नेलं. 'आता?'

'ऐंशीच्या वर. तर... थंड करत राहा.'

पॅनेल अठरावरच होतं. मी दाबाचा खटका पाडला. हिरवी बत्ती लागली आणि झाकणाचा खटका टक् करून मागे सरकला. तो आवाज सगळ्यांनी ऐकला. ऑपरेटर एक पाऊल मागे गेला.

'पुन्हा करा,' मॅनेजर म्हणाला.

पुन्हा केलं. पुन्हा टक्.

'आता एक तार आणा,' मी म्हणालो. 'मी पंचाण्णववर नेतो, तुम्ही तारेने खटका सोडा.' मिलच्याच फिटरने तार लावली. खटका सुटला, पण पॅनेल सतरावरच राहिलं आणि बत्ती लाल राहिली. मी त्या दुपारची नोंद शेजारी धरली. 'त्या दिवशी पॅनेल एकोणीसवर होतं. कोणतं पटतं ते तुम्ही ठरवा. प्रोग्राम मी लिहिला, मीच तपासला, मीच सही केली. एक बाण राहिला. भेस्तानहून इशारा आला होता, तो मी ऐकला नाही. हे सगळं मी लिहून आणलंय, तीन पानं आहेत, खाली सही आहे. ही जात हुशार नसते, साहेब. ही जात सांगितलेलं ऐकते.'

मॅनेजरने तीन पानं घेतली. तारेची पिशवी ऑफिसातच राहिली होती, तिचं पुन्हा कोणी नाव काढलं नाही. पुढच्या आठवड्यात ऑपरेटरवरचा आरोप मागे घेतला गेला. कागदावर 'नियंत्रणातील तांत्रिक दोष' असं आलं. माझं नाव त्यात नव्हतं. मिलवाले आणि पॅनेलवाले एकमेकांना सांभाळून घेतात. मी ते खोडून माझं नाव घालायला सांगितलं. त्यांनी घातलं नाही.

सोमवारी मी कामावर गेलो. शेठनी मला काढलं नाही. बारा मशीन दुरुस्त करणारा दुसरा माणूस त्यांच्याकडे नव्हता, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. मी एकच गोष्ट अडवून धरली: प्रत्येक मशीनच्या पॅनेलमध्ये जो तपासणीचा कागद राहतो, त्यावर 'नियमित सुधारणा' लिहिणार नाही. काय चुकलं होतं ते लिहिणार. शेठ म्हणाले, 'बारा मिलमध्ये आमची अब्रू टांगायची आहे का?' मी म्हटलं, 'तुमची नाही, माझी. माझंच नाव लिहितोय.' पहिल्या चार मिलमध्ये त्यांनी माणूस पाठवून कागद काढून घेतला. मी परत जाऊन परत लावला. पाचव्यानंतर त्यांनी माणूस पाठवणं बंद केलं.

तपासणीचा कागदही बदलला. आता बाणांचे क्रमांक आधी, चौकोन नंतर. आणि प्रत्येक बाणापुढे एक चाचणी, जी तो बाण नसेल तर नापास व्हायलाच हवी. खाली दोन सह्या. एक माझी. दुसरी, जो माणूस झाकण उघडणार आहे त्याची.

'ऑपरेटर इंजिनिअरच्या कागदावर सही करणार?' शेठ हसले. 'त्याला काय कळतं?'

'गाठ पडते हे त्याला कळतं. मला कळत नव्हतं.'

सचिनचं मशीन मी मुद्दाम शेवटी ठेवलं. तोवर ते बंद होतं, आणि तोवर तिथला भाजलेला ऑपरेटर कामावर परतला होता. हातांची कातडी गुलाबी होती, बोटं अजून पूर्ण मिटत नव्हती. मी बॉक्सचं बटण त्याच्या हातात दिलं. त्याने तापमान खाली आणलं, वर नेलं, मी दाब पाडला. पॅनेल सतरावर परत गेलं. बत्ती लाल.

'परत,' तो म्हणाला.

तीनदा केलं. तिन्ही वेळा लाल. शेठचा फोन आला, मिलवाले विचारतायत मशीन कधी देताय. मी म्हटलं, सही झाली की. पेन ऑपरेटरपुढे धरलं.

त्याने पेन घेतलं नाही. पॅनेलकडे बघत राहिला.

'आनि मधमाच लाईट गई ते?'

'काय?'

'हवा सुटी ऱ्हायनी, नि लाईट गई. परत उनी, तवय हाई कठेंग सुरू व्हई? सतरावर, का अठरावर, का एकोनीसवर?'

मी फ्लोचार्टकडे बघितलं. एकतीस बाण, सगळे रंगवलेले. वीज जाण्याचा बाण त्यात नव्हताच. मशीन बनवणाऱ्यानेच तो काढला नव्हता, आणि मी इतकी वर्षं जे कागदावर आहे तेवढंच प्रोग्राममध्ये आहे का, एवढंच बघत आलो होतो. माझ्या प्रोग्राममध्ये त्याचं काय होतं, ते मला उघडून बघावं लागणार होतं.

'ठाऊक नही,' मी म्हणालो.

'मंग?'

फोन पुन्हा वाजला. मी उचलला आणि शेठना सांगितलं, आज मशीन मिळणार नाही. का, ते विचारत होते. मी फोन ठेवला, कोरा कागद घेतला, स्टूल ओढलं आणि त्याला शेजारी बसायला जागा करून दिली. सहीच्या दोन्ही जागा त्या दिवशी कोऱ्या राहिल्या.